छत्री-रेनकोट दुरुस्तीचं काम सुरू करायचंय? आधी पावसाचं गणित, मग पकड-हातोडी

दरवर्षी मे महिन्यात कोणी ना कोणी विचारतं, की दादा पावसाळ्यात चार महिने छत्र्या रिपेअर करायला बसलो तर किती सुटतील, काय काय सामान लागेल. सामानाचं सांगतोच खाली, पण आधी एक गोष्ट डोक्यात बसवा. या धंद्याचा आणि "यंदा पाऊस किती टक्के" याचा संबंध फार थोडा आहे. पाऊस कधी सुरू झाला, मध्ये किती दिवस गायब झाला आणि वारा कधी सुटला, या तीन गोष्टींवर गिऱ्हाईक येतं. त्यामुळे ज्याला कॅलेंडर कळलं तो टिकतो, नाहीतर हात कितीही चांगला असला तरी ऑगस्टमध्ये माशा मारत बसायची वेळ येते. मी लिहितोय ते मुंबई-ठाणे पट्ट्यातल्या कामावरून, बाकी ठिकाणी काय बदलतं ते पण मध्ये मध्ये सांगतो.

पाऊस कधी येणार आणि तोपर्यंत खिशात काय असणार

हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबईत मान्सून साधारण ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या आसपास परततो. ही झाली सरासरी. प्रत्यक्षात २०२३ ला मुंबईत मान्सून २५ जूनला आला, आणि २०२५ ला २६ मेलाच आला, नोंदी आहेत तेव्हापासून इतक्या लवकर कधीच आला नव्हता. म्हणजे दोन वर्षांच्या फरकाने एकाच शहरात जवळजवळ एका महिन्याचा फरक. आता तुम्ही जर ठरवलं असेल की जूनच्या पहिल्या आठवड्यात सामान घेऊ, तर २०२५ सारख्या वर्षी पहिली गर्दी तुमच्या हातातून गेली. आणि जर मे महिन्यातच सगळे पैसे सामानात घालून बसलात तर २०२३ सारख्या वर्षी जून अख्खा कोरडा बघत काढायचा.

म्हणून माझा नियम असा, की सामान २० मेपर्यंत तयार पाहिजे आणि घरखर्चाचे पैसे २५ जूनपर्यंत पुरतील एवढे बाजूला पाहिजेत, दोन्ही गोष्टी एकदम. अवघड वाटतं, पण सामान फार महाग नाहीच, खाली बघा.

उशिरा पाऊस आला तर धंदा बुडतो असं लोकांना वाटतं, पण तसं होत नाही. माळ्यावरची छत्री माळ्यावरच असते, गंजलेली ती गंजलेलीच असते, पहिला जोरदार पाऊस २५ जूनला पडला तर गर्दी २६ जूनला येते इतकंच. उशिराने तुमचा खिसा ताणतो, गिऱ्हाईक जात नाही. खरा फटका बसतो तो मधल्या खंडाचा. २०२३ चंच उदाहरण घ्या, जुलैमध्ये मुंबईत धो धो पाऊस झाला आणि ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट निघाला. त्या वर्षी ज्यांनी जुलैची गर्दी बघून ऑगस्टसाठी आणखी माल भरला त्यांचा माल पुढच्या वर्षापर्यंत पडून राहिला. खंडात मोडलेली छत्री माणूस दाराच्या मागे ठेवून देतो, आणि सप्टेंबर जवळ आला की म्हणतो आता काय, पुढच्या वर्षी बघू.

हवामान खातं एप्रिलच्या मध्यावर आणि मग मे अखेरीला पूर्ण मोसमाचा अंदाज देतं, टीव्हीवर तोच गाजतो. पण तो आख्ख्या देशाचा चार महिन्यांचा आकडा, त्यावरून तुमच्या स्टेशनबाहेर पुढच्या बुधवारी काय होणार ते कळत नाही. आपल्या कामाचा अंदाज वेगळाच आहे, दर गुरुवारी खातं पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज काढतं, तो mausam.imd.gov.in वर बघायला मिळतो. त्यात पुढचे दोन आठवडे कोकणात पाऊस कमी दिसला की मी काड्या-दोरा घेणं थांबवतो आणि बॅगच्या चेनचं सामान आणतो, ते जोडकाम खाली सांगतो. त्याच्यापुढचे दोन आठवडे मी फारसे मनावर घेत नाही.

रोजच्या अंदाजात यलो, ऑरेंज, रेड असे इशारे असतात. नवीन माणूस रेड अलर्ट बघून खूश होतो, की आज खूप छत्र्या मोडणार. मोडतात, पण त्या दिवशी शाळा बंद, लोकल रखडलेल्या, माणूस कसाबसा घर गाठतो, छत्री रिपेअर करायला कोण थांबणार. कामाचा दिवस म्हणजे त्याच्या दुसऱ्या दिवशीचा, आणि त्यातही सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ. रेड अलर्टला घरी बसून काड्या सोलून ठेवा, दुसऱ्या दिवशी एक तास आधी जागेवर जा.

जागेप्रमाणे पण फरक पडतो. कोकणपट्टीत पावसाबरोबर वारा असतो, छत्री उलटते, काड्या मोडतात, त्यामुळे मोठी कामं येतात. पुण्याकडे बराचसा पाऊस भुरभुरता, तिकडे छत्री महिनोन्‌महिने वापरात असते पण मोडते कमी, टाके आणि खटक्याची कामं जास्त. सोलापूर, मराठवाडा बाजूला पावसाचे दिवसच कमी, तिकडे फक्त छत्रीवर बसू नका, बॅगच्या दुकानाला जोडधंदा म्हणून ठेवा.

सामान

सगळ्यात महत्त्वाचं सामान नवीन मिळतच नाही, ते म्हणजे मेलेल्या छत्र्या. काडीला जोड द्यायला दुसऱ्या छत्रीचीच काडी लागते, टोकाची टोपी, खटका, मूठ, सगळं त्यातूनच निघतं. या छत्र्या मार्च-एप्रिलमध्ये भंगारवाल्याकडून घ्या, तेव्हा त्याला त्या नको असतात आणि किलोच्या भावात देतो. जुलैमध्ये तोच माणूस नगाचे पैसे मागतो, कारण त्याला पण कळलेलं असतं. पहिल्या वर्षाला तीस-चाळीस मेलेल्या छत्र्या पुरतात, त्यात तीन घडीच्या जास्त घ्या कारण हल्ली पर्समध्ये मावणारीच छत्री सगळे वापरतात. लांब दांड्याच्या आठ-दहा, लहान मुलांच्या चार-पाच.

घरी आणल्यावर तशाच पोत्यात भरून ठेवू नका. कापड कापून काढा, चांगल्या रंगाचे तुकडे ठिगळाला ठेवा, काळं आणि नेव्ही ब्लू तर ठेवाच. काड्या सांध्यातून सोडवून मापाप्रमाणे रबर लावून जुड्या करा. स्टीलच्या वेगळ्या, ॲल्युमिनियमच्या वेगळ्या, फायबरच्या वेगळ्या. गिऱ्हाईक समोर उभं असताना पोत्यात हात घालून काडी शोधत बसलात की ते म्हणतं, राहू द्या, नंतर येतो, आणि ते नंतर कधी येत नाही.

हत्यारं कमी लागतात. एक साधी पकड, एक लांब चोचीची पकड, तार कापायचं कटर, छोटी हातोडी, ठोकायला लोखंडाचा एखादा जाड तुकडा (चांभाराची ऐरण असली तर उत्तम), बारीक पोगर, कानस, दोन-तीन जाडीच्या सुया. १ मिलिमीटरच्या आसपासची गॅल्वनाइज्ड तार, थोडी त्याहून बारीक. दोरा पॉलिस्टरचा किंवा नायलॉनचाच, सुती दोरा छत्रीला एक महिन्यात कुजतो. दोऱ्याला मेण लावून घ्या, गाठ सरकत नाही. रेनकोटसाठी पीव्हीसी चिकटवायचं सोल्युशन, टिच बटणं आणि ती ठोकायचा साचा. आणि शिवण मशीनचं तेल. हार्डवेअरचं सगळं मुंबईत मस्जिद बंदर-क्रॉफर्ड मार्केटकडे, पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत मिळून जातं, एका फेरीत होतं.

हत्यारं रोज रात्री पुसून तेलाचा हात फिरवून पत्र्याच्या डब्यात. हे सांगायला फालतू वाटतं, पण पावसात बसून काम करणाऱ्याची पकड महिन्याभरात गंजून घट्ट होते, मग तीच पकड गिऱ्हाइकाच्या छत्रीला गंजाचे डाग लावते.

कामं कोणती येतात आणि कशी करायची

सोप्याकडून अवघडाकडे जाऊ. पहिला आठवडा फक्त टोकं शिवा, खरंच सांगतो. काडीच्या टोकाला छोटी टोपी असते, तिला भोक असतं आणि कापडाचा कोपरा तिला शिवलेला असतो. हा टाका तुटला की कापड वर सरकतं आणि काडी उघडी पडते. आलेल्या कामात हे सगळ्यात जास्त. सुई कापडाच्या दुमडलेल्या कडेतून घ्यायची, नुसत्या कापडातून घेतली तर पहिल्या वाऱ्याला फाटते. टोपीच्या भोकातून चार-पाच फेरे, मग दोऱ्याला टोपीच्या मानेभोवती दोन वेढे आणि गाठ. टोपीच हरवली असेल तर मेलेल्या छत्रीची घाला, पण आतून सैल आहे का बघा, सैल असेल तर पकडीने हलकी दाबायची. काडीवरच्या मधल्या बांधण्या पण याच वेळी बघून घ्या, त्या सुटल्या की कापड फडफडतं आणि काडीवर जोर एका जागी येतो.

दुसरं काम मोडलेली काडी. छत्री वाऱ्यात उलटते तेव्हा काडी बहुतेक वेळा सांध्याच्या जवळ वाकते किंवा तुटते, कारण तिथे भोक असतं आणि धातू कमी असतो. स्टीलची काडी पन्हळीसारखी असते, म्हणजे उलट्या यू आकाराची. नुसती वाकली असेल तर लांब चोचीच्या पकडीने थोडी थोडी सरळ करा, एका झटक्यात केली की तिथेच तुटते. तुटली असेल तर जोड द्यायचा: मेलेल्या छत्रीच्या काडीचा दीड-दोन इंचाचा तुकडा कापायचा, कानसेने कडा घासायच्या, तुटलेल्या जागेवर असा बसवायचा की दोन्ही बाजूला सारखा येईल, आणि पकडीने कडा दाबून आवळायचा. तो सांध्यावर चढता कामा नये, नाहीतर छत्री मिटणारच नाही. कडा घासल्या नाहीत तर त्याच कडा कापड कापतात आणि गिऱ्हाईक आठ दिवसांत भोक घेऊन परत येतं.

हे सगळं स्टीलला चालतं. ॲल्युमिनियमची काडी एकदा वाकली की सरळ करताना बहुतेक वेळा तुटतेच, तिला जोड देण्यापेक्षा तेवढा तुकडाच बदला. फायबरची काडी पकडीने दाबली तर चिरते, तिला बारीक धातूची नळी घालून आत चिकटवावं लागतं, ते काम नवीन माणसाने पहिल्या सीझनला घेऊ नये. स्टील की ॲल्युमिनियम ते ओळखायला छोटं लोहचुंबक ठेवा, स्टीलला चिकटतं.

सांध्यातला रिव्हेट गेला असेल तर १ मिलिमीटरची तार भोकातून घालून दोन्ही बाजूला मिलिमीटरभर ठेवून कापायची, ऐरणीवर धरून हातोडीने हलकेच ठोकून दोन्ही टोकं पसरवायची. सांधा हलला पाहिजे, घट्ट ठोकला तर काडी मिटताना वाकते. काही जण तार नुसती पिळून टाकतात, चालतं, पण पिळाचं टोक कापडात घुसतं.

मग तारेचं काम. छत्रीच्या अगदी वर, कापडाखाली, सगळ्या काड्यांची टोकं एका तारेत ओवलेली असतात. ही तार गंजून तुटली की आठही काड्या एकदम लुळ्या पडतात आणि गिऱ्हाइकाला वाटतं छत्री मेली. खरं तर दहा रुपयाची पण तार लागत नाही. वरची टोपी काढायची, कापड मधून सोडवायचं, काड्या ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने नव्या तारेत ओवायच्या, प्रत्येक काडी तिच्या खाचेत बसवायची, तार आवळून पीळ देऊन पीळ खाचेत दाबायचा. क्रम चुकला तर काड्या एकमेकींवर चढतात, म्हणून काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. तशीच एक तार खाली, दांड्यावर वरखाली सरकणाऱ्या भागात असते, त्याला आम्ही रनर म्हणतो, तिथलं काम पण असंच.

खटका अडकत असेल तर आधी तेलाचे दोन थेंब आणि दहा वेळा उघडबंद. अर्ध्या वेळा एवढ्यानेच होतं. नाही झालं तर दांड्यातल्या फटीतून खटक्याची पट्टी किंवा तार बाहेर काढून दुसरी बसवायची.

आता बटण दाबून उघडणाऱ्या आणि बंद होणाऱ्या ऑटोमॅटिक छत्र्या. यांच्या दांड्यात दाबलेली स्प्रिंग असते आणि ती जोरदार असते. मूठ खोलली आणि दांडा सुटला तर सरळ तोंडावर येतो, डोळा जाऊ शकतो. पहिल्या सीझनला या छत्रीचं कापड शिवा, काडी जोडा, पण छत्री पूर्ण उघडी ठेवूनच काम करा, दांड्याच्या रेषेत तोंड नेऊ नका आणि मुठीला हात लावू नका. बटण बिघडलंय म्हणून आली तर "हे काम मी करत नाही" असं सरळ सांगायचं. कोणी वाईट मानत नाही.

रेनकोटमध्ये लोक हमखास चुकतात ते शिवणीत. पीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकसारखा रेनकोट फाटला की सरळ टाके घालतात, आणि प्रत्येक टाक्याचं भोक हे गळतीचं भोक होतं. त्याला ठिगळ चिकटवायचं. फाटकी जागा पुसून पूर्ण कोरडी करायची, ठिगळाचे कोपरे गोल कापायचे (चौकोनी कोपरा आधी उचलला जातो), दोन्हीला सोल्युशन लावून बोटाला चिकट लागेल इतपत थांबायचं आणि मग दाबून वर वजन ठेवायचं. ओल्या हवेत हे वाळायला वेळ लागतो, म्हणून रेनकोट "उद्या या" सांगूनच घ्या, उभ्या उभ्या करून देऊ नका. कापडी रेनकोटच्या आतला पातळ थर पापुद्र्यासारखा सुटायला लागला असेल तर त्याला इलाज नाही, ते काम घेऊच नका. पैसे घेऊन काहीतरी चिकटवून दिलंत तर दोन दिवसांनी तो माणूस ओला होऊन भांडायला येतो आणि त्याचं बरोबर असतं.

एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत

जुलैत वाऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणारी नेहमीची केस घ्या. एक ताई ऑफिसला जाता जाता तीन घडीची छत्री देतात, म्हणतात एक काडी तुटलीय. तुम्ही "चाळीस रुपये" असं लगेच बोलू नका. छत्री त्यांच्यासमोर उघडा, गोल फिरवून आठही काड्या बघा. समजा दिसलं की एक काडी सांध्याजवळ तुटलीय, तिच्या शेजारची थोडी वाकलीय, दोन टोकांचे टाके गेलेत आणि वरची तार गंजलीय पण तुटलेली नाही.

इथे ठरवायचं की काय काय करायचं. तुटलेली काडी आणि दोन टोकं तर करायचीच. वाकलेली शेजारची पण करायची, कारण ती सोडली तर पुढच्या वाऱ्याला तीच जाणार आणि ताई म्हणणार तुम्ही केलेलीच तुटली. गंजलेल्या तारेबद्दल त्यांना दाखवून विचारा, की ताई ही महिन्या-दोन महिन्यांत जाईल, आता बदलली तर एवढे जास्त. बऱ्याचदा हो म्हणतात. एकूण बिल समजा ९० रुपये झालं, तर फूटपाथवर तशी नवीन छत्री कितीला मिळते ते मनात धरा. माझा अंदाज असा, की दुरुस्ती नव्या छत्रीच्या एक तृतीयांशाच्या वर गेली की माणूस नवीन घेतो. तीनशेच्या छत्रीला ९० चालतात, दीडशेच्या छत्रीला तार सोडून द्या आणि ५० घ्या.

कामाचा क्रम: आधी टोकं सुटी करून ठेवायची म्हणजे कापड सैल होतं, मग तार, मग काड्या, आणि सगळ्यात शेवटी टोकं शिवायची. उलट केलंत तर ताणलेल्या कापडात काडी सरळ करायला जाल आणि कापड फाटेल. झालं की दहा वेळा उघडबंद, मिटताना एखादी काडी बाहेर राहते का बघायचं. मग उघडी धरून तांब्याभर पाणी वरून ओतायचं आणि आतून शिवणीजवळ बोट फिरवायचं. सराव झाल्यावर अर्धा तास लागतो, पहिल्या वेळी दीड तास धरा.

छत्री ठेवून जाणाऱ्याला नंबरचं कार्ड द्या, दुसरं तसंच छत्रीला बांधा, मागे मोबाईल नंबर आणि ठरलेले पैसे लिहा, आणि निम्मे आधी घ्या. नाहीतर पाऊस थांबला की लोक छत्री विसरतात आणि तुमच्याकडे वीस छत्र्या पडून राहतात. कार्डावरच छापून घ्या की दिवाळीपर्यंत नेली नाही तर जबाबदारी नाही. दिवाळीनंतर एकदा फोन करायचा, तरी नाही आले तर ती मेलेल्या छत्र्यांत.

हिशोब

आता पैशाचं. समजा जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत ११० दिवस धरले. त्यातले ४० दिवस चांगले, रोज १५ कामं. ४० दिवस बरे, रोज ८. ३० दिवस खंडाचे नाहीतर रेड अलर्टचे, रोज ३. सरासरी काम ५० रुपयांचं धरलं तर ३०,००० अधिक १६,००० अधिक ४,५००, म्हणजे ५०,५०० रुपये. सामान, चहा, ताडपत्री, जाण्यायेण्याचे मिळून ८,००० गेले तर ४२,५०० उरले, साडेतीन महिन्यांचे. म्हणजे महिन्याला बारा हजाराच्या आसपास, आणि उरलेल्या साडेआठ महिन्यांचं काय, तो प्रश्न तसाच. आकडे तुमच्या जागेप्रमाणे बदला, पण फक्त छत्रीवर वर्ष निघत नाही हे कुठल्याही आकड्याने तेच निघतं.

आता यातच वीस दिवसांचा खंड घाला, चांगल्या दिवसांतले वीस काढून खंडात टाका. रोज १५ च्या ऐवजी ३ कामं, म्हणजे १२ कामं गुणिले ५० गुणिले २०, सरळ १२,००० रुपये गेले. म्हणून दुसरं काम छत्रीच्या शेजारी त्याच पेटीत पाहिजे.

वर्षभराची मांडणी

ते दुसरं काम म्हणजे चेन. हत्यारं तीच, पकड-कटर-सुई, आणि त्याला ऋतू असला तरी खंड नाही. बॅगची चेन उघडी राहते तेव्हा दहातल्या बऱ्याच वेळा चेन चांगली असते, तिच्यावर धावणारा रनर (याला पण रनरच म्हणतात, काय करणार) झिजलेला असतो. त्याच्या दोन्ही बाजू मागून पकडीने किंचित दाबल्या की काही दिवस चालतो, पण ते तात्पुरतं, नवीन घालणं बरं. रनरच्या पाठीवर ३, ५, ८, १० असा आकडा कोरलेला असतो, तोच आकडा घ्यायचा. आणि नायलॉनच्या चेनचा रनर मोठ्या प्लास्टिक दातांच्या चेनला बसत नाही, आकडा सारखा असला तरी. सुरुवातीला नायलॉनचे ५, ८ आणि १० नंबर ठेवलेत तरी बरीचशी कामं भागतात.

मग वर्ष असं बसतं. मार्च-एप्रिलला भंगारातून छत्र्या गोळा करून सोलायच्या, त्याच वेळी सुट्टीला गावी जाणाऱ्यांच्या ट्रॉली बॅगा येतात, चाकं आणि चेन. मेमध्ये शाळेची दप्तरं मागून घ्या, शेजारपाजारच्या सोसायटीत चिठ्ठी लावा, कारण दप्तर लोक शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आणतात आणि नेमकी तेव्हाच छत्र्यांची पहिली गर्दी असते, दोन्ही एकदम आलं की दोन्ही जातं. १० जूनच्या आत आणलं तर दहा रुपये कमी असं सांगितलं की निम्मे तरी आधी येतात. जून-जुलै छत्री. ऑगस्टला गुरुवारचा अंदाज बघून छत्री की चेन ते ठरवायचं. गणपतीच्या आधी गावी जाणाऱ्यांच्या बॅगा पुन्हा येतात, कोकणात जाणारे छत्री पण दुरुस्त करून घेतात. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडाट करत येतो, हस्ताचा पाऊस म्हणतो तो, त्यात वारा असतो आणि एखाद-दोन दिवस अचानक चांगले जातात, म्हणून छत्रीची पेटी दसऱ्यापर्यंत बांधून ठेवू नका. मग दिवाळीच्या बॅगा, आणि डिसेंबर-जानेवारीत जॅकेट-स्वेटरच्या चेन, लग्नाच्या बॅगा.

कणसाच्या गाडीचं पण बरेच जण विचारतात, की दोन्ही पावसाचेच धंदे आहेत तर एकत्र करू का. कणीस विकतं रविवारी, रिमझिम पावसात, फिरायला आलेल्या लोकांना, आणि छत्री येते कामाच्या दिवशी, स्टेशनबाहेर. त्यामुळे आठवड्यातल्या वारांच्या हिशोबाने जमतं, घरात दुसरं माणूस असेल तर रविवारी करा. फक्त खंड पडला तर दोन्ही एकदम बसतात, आणि छत्रीची काडी पुढच्या वर्षी चालते, कणीस दोन दिवसांत गोडी सोडतं. म्हणून चेनच्या जागी कणसाचा आधार धरू नका.

जागा

डोक्यावर कोरडं पाहिजे हे पहिलं. दुकानाच्या पायरीशी, वळचणीला, भाड्याने चार फूट जागा मिळाली तर बघा, महिन्याचं भाडं दोन-तीन चांगल्या दिवसांत निघालं पाहिजे, त्याहून जास्त देऊ नका. पेटी विटांवर ठेवा, पहिल्याच जोरदार पावसात रस्त्यावरचं पाणी किती चढतं ते बघून उंची ठरवा. फूटपाथवर बसणार असाल तर २०१४ चा पथविक्रेता कायदा माहीत असू द्या, त्यात नुसते माल विकणारे नाहीत, रस्त्यावर सेवा देणारे पण पथविक्रेते धरलेत, म्हणजे दुरुस्तीवाला त्यात येतो. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणाची चौकशी करून नाव लावायचा प्रयत्न मार्चमध्येच करा, जूनमध्ये तुम्हाला पण वेळ नसतो. पीएम स्वनिधीचं कर्ज पण पथविक्रेता म्हणून ओळखपत्र किंवा पालिकेचं शिफारसपत्र असलं तरच मिळतं, पहिला हप्ता आता १५,००० पर्यंत आहे. छत्रीच्या सामानाला एवढं लागत नाही, पहिल्या वर्षी सगळं मिळून चार-पाच हजारांत बसतं. कर्ज घेतलंच तर मार्चमध्ये चाकं आणि चेनचा माल एकदम भरायला घ्या, कारण परतफेडीचा हप्ता लगेच सुरू होतो आणि तो एप्रिल-मेमध्ये बॅगांच्या कामातूनच फिटला पाहिजे, जूनच्या पावसाच्या भरवशावर नाही.